फीची आठवण करून देणारी चिठ्ठी: नोटीस न वाटता कशी लिहावी?

अनघा_क

आमची तालुक्याच्या गावातली विनाअनुदानित शाळा, बालवाडी ते सातवी, ३४० मुलं. वर्षाची फी १८,००० रुपये, ती दोन हप्त्यांत घेतो: ९,००० जूनमध्ये आणि ९,००० दिवाळीनंतर. दुसऱ्या हप्त्याची तारीख १० डिसेंबर होती. आज यादीत ५२ नावं बाकी आहेत. दरवर्षी जी चिठ्ठी जाते तिचा मजकूर असा:

"मा. पालक, आपल्या पाल्याची द्वितीय सत्राची फी रु. ९,००० थकीत आहे. सदर रक्कम ३ दिवसांत त्वरित भरावी, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल याची नोंद घ्यावी. काही अडचण असल्यास कार्यालयाशी संपर्क साधावा."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलेलं आहे. ज्यांना खरंच जमत नाहीये त्यांनी येऊन बोलावं एवढाच हेतू. पण त्या वाक्यावरून कुणी येत नाही. येतात ते भांडायला येतात. काय बदलावं? शक्यतो तयार मजकूरच सुचवा.

---

वऱ्हाडी_पाव्हणा

३४० मुलांच्या शाळेत १८,००० फी? दर दोन वर्षांनी वाढवत असाल. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी घेतली होती का? आधी ते सांगा.

---

अनघा_क

घेतली आहे, इतिवृत्तही आहे. पण पाव्हणे, धागा फी किती असावी याचा नाही. चिठ्ठी कशी लिहावी याचा आहे.

---

पाटी_पेन्सिल

अनघाताई, तुमच्या चिठ्ठीत दोन चिठ्ठ्या आहेत आणि पहिली दुसरीला गिळते. "थकीत", "सदर", "त्वरित", "अन्यथा", "नोंद घ्यावी" ही वीज तोडायला येणाऱ्या कागदाची भाषा झाली. "कारवाई" वाचून झालं की माणूस पुढचं वाचत नाही, आणि वाचलं तरी ते कारवाईचाच भाग वाटतं. कार्यालयात या म्हणजे कारवाईला या.

आता शेवटचं वाक्य. "काही अडचण असल्यास" यात पालकाला आधी कबूल करावं लागतं की आपल्याला अडचण आहे. गावात हे कबूल करणं सोपं नाही, आणि शाळेच्या खिडकीपाशी तर नाहीच. तिथे मागे दुसरे पालक उभे असतात, शिपाई असतो, कधी आपल्याच भावकीतलं कुणी असतं. "कार्यालयाशी" म्हणजे नेमकं कुणाशी? क्लार्कशी बोलावं तर तो म्हणणार, "मला काही सांगता येणार नाही, बाईंना विचारा." बाई वर्गावर. पालक परत जातो आणि पुन्हा येत नाही.

म्हणून त्या जागी पालकाच्या मनातल्या चार प्रश्नांची उत्तरं हवीत. कुणाशी बोलायचं, कधी, बोलल्याने काय मिळू शकतं, आणि हे आणखी कुणाला कळणार. पाचवा प्रश्न कुणी विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतो: याचा राग माझ्या पोरावर निघेल का?

आणि "अडचण" हा शब्दच काढा. "ही तारीख सोयीची नसेल तर कोणती सोयीची आहे ते कळवा" असं लिहा. तारीख सांगायला कुणाला लाज वाटत नाही. पुढचं बोलणं त्यातूनच निघतं.

---

हिशेबी_माणूस

मजकुराच्या आधी यादी बघा. ५२ चा आकडा खरा आहे का? माझा अंदाज, नाही. तुमच्याकडे क्यूआर कोड लावला असेल तर नक्कीच नाही.

पालक मोबाईलवरून पैसे पाठवतात. खातं मामाचं किंवा मोठ्या भावाचं. बँकेच्या उताऱ्यात नाव येतं त्या मामाचं, टिपणीत मुलाचं नाव कुणी लिहीत नाही. रक्कम खात्यात पडलेली असते, पण क्लार्कला ती कुणाची हे कळत नाही, म्हणून मूल बाकीच्या यादीत. अशा घरी चिठ्ठी गेली की ते चिडणारच. तुमच्याकडे भांडायला येतात त्यातले काही हेच असतील.

चिठ्ठी निघायच्या आदल्या संध्याकाळी एक काम करा. बँकेच्या उताऱ्यातल्या ९,००० च्या आणि १८,००० च्या ज्या रकमांसमोर पावती क्रमांक नाही, त्या वेगळ्या काढा. १८,००० यासाठी, की दोन भावंडांची फी एकदम भरली जाते आणि सगळी थोरल्याच्या नावावर चढते. मग थोरल्याची फी जास्त दिसते आणि धाकटा बाकीच्या यादीत. पैसे पाठवणाऱ्याचा नंबर प्रवेश अर्जावरच्या नंबरांशी जुळवून बघा. जुळला नाही तर पालकाला विचारायचं, पण विचारताना "फी राहिली" म्हणायचं नाही, "आपण पाठवलेली रक्कम कोणाच्या नावावर घ्यायची" म्हणायचं.

आणि २५ टक्के प्रवेशातली मुलं यादीत आहेत का ते डोळ्यांनी तपासा. संगणकाच्या यादीत त्यांच्यासमोर शून्य पावती दिसते, म्हणून ती आपोआप बाकीत येतात. त्यांची फी सरकारकडून यायची असते. त्या घरी अशी चिठ्ठी जाणं म्हणजे सरळ अपमान.

---

अनघा_क

आत्ताच बसून पाहिलं. सात जणांचे पैसे खात्यात आहेत, पावती फाडलेली नाही. दोन धाकटी भावंडं निघाली. आणि हो, २५ टक्क्यांतली दोन नावं होती. ५२ चे ४१ झाले. 😶

---

कायद्याचं_बोला

शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे १४ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. त्यामुळे सातवीपर्यंत तुम्हाला फी मागताच येत नाही. चिठ्ठीच बेकायदेशीर.

---

पाटी_पेन्सिल

अर्धं बरोबर आहे. विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतली मुलं सोडून बाकीच्यांकडून फी घेता येते, म्हणून मागताही येते. पण त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. फीसाठी वर्गात उभं करणं, बाहेर बसवणं, फळ्यावर नावं लिहिणं हे करायचंच नाही. म्हणजे "पुढील कारवाई" म्हणून चिठ्ठीत जे सुचवलंय, त्यातलं मुलावर करण्यासारखं काहीच शाळेच्या हातात नाही. पोकळ धमकी आहे ती. व्यवहार पालकाशी आहे, तो पालकाशीच ठेवा.

---

ऊसवाला_बाप

मी शिक्षक नाही, पालक आहे, वाचता वाचता लिहितोय. आमच्याकडे १० डिसेंबर ही तारीख ठरवली कुणी? सोयाबीनचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि रब्बीच्या पेरणीत जातात. ऊस असेल तर तोड जानेवारी-फेब्रुवारीत लागते. कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे, पण नियमाच्या भरवशावर कोण राहतं. मला विचारायचंय की शाळेला असं सांगितलं तर चालतं का? "ऊस गेल्यावर भरतो" म्हटलं की क्लार्क हसतो.

---

पाटी_पेन्सिल

चालतं काय, हेच सांगायला हवं. "ऊस गेल्यावर" हे टाळाटाळीचं उत्तर नाही, तो हिशेब आहे. फक्त समोरच्याने तो तारखेत बसवून घ्यायला हवा. तोड अंदाजे कधी? जानेवारीअखेर. त्यात कारखान्याचे १४ दिवस आणि वर महिनाभर धरा. म्हणजे १५ मार्च लिहायची. १५ फेब्रुवारी लिहिली तर ती चुकणार, आणि चुकल्यावर तुम्ही शाळेसमोरून मान खाली घालून जाणार.

---

अनघा_क

मग मी असा मजकूर केलाय. झोडा:

> सप्रेम नमस्कार,
>
> स्वराली (इयत्ता ४ थी ब) हिच्या दुसऱ्या हप्त्याचे रु. ९,००० आमच्या नोंदीत १८ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत जमा झालेले दिसत नाहीत. आपण रक्कम भरली असेल तर पावतीचा किंवा मोबाईलवरील व्यवहाराचा फोटो या नंबरवर पाठवावा. नोंद आमच्याकडून राहिली असेल, ती लगेच दुरुस्त करू.
>
> भरायची राहिली असेल, तर १० जानेवारीपर्यंत भरावी ही विनंती.
>
> ही तारीख आपल्याला सोयीची नसेल, तर कोणती सोयीची आहे ते कळवा. रक्कम दोन-तीन भागांत भरता येते. त्यासाठी मुख्याध्यापिका सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ ते ५ आणि शनिवारी सकाळी ९ ते ११ त्यांच्या खोलीत भेटतील. फोनवर बोललात तरी चालेल. कोणतेही कागद आणायला नकोत. आपलं बोलणं त्यांच्यापुरतंच राहील. स्वरालीचे वर्ग, परीक्षा, सहल, स्नेहसंमेलन यावर याचा काहीही परिणाम होणार नाही.

---

हिशेबी_माणूस

छान झालंय. दोन ठिकाणी मात्र पाळता येणार नाही असं वचन आहे.

"त्यांच्यापुरतंच राहील" हे खरं नाही. पुढची तारीख क्लार्कला कळवावीच लागेल, नाहीतर तो १० जानेवारीला पुन्हा नाव काढेल. "मुख्याध्यापिका आणि हिशेब पाहणारे क्लार्क यांच्यापुरतंच" लिहा.

दुसरं म्हणजे सहल. सहलीचे पैसे वेगळे असतात. उद्या सहलीचे पैसे नसलेलं मूल राहिलं, तर पालक ही चिठ्ठीच दाखवतील. वर्ग, परीक्षा आणि निकाल एवढंच ठेवा. निकाल घालाच, खरी धास्ती त्याचीच असते.

---

साधी_सुधी

मला "आमच्या नोंदीत जमा झालेले दिसत नाहीत" फार आवडलं. "आपण भरले नाहीत" यात बोट दाखवलंय, इथे वही दाखवलीये.

वर नाव काय लिहिणार? छापील नमुन्यात "श्री. व सौ." असतं. वडील हयात नसलेल्या घरी "श्री." जातं, नाहीतर विधवा आईला "सौ.". नेमकं त्याच घरात फी राहिलेली असण्याची शक्यता जास्त. "स्वरालीचे पालक यांस" एवढंच लिहा. आजी सांभाळत असेल तरी चुकत नाही.

"पाल्य" पण नको. मुलाचं नाव लिहा.

---

गणिताचे_सर

चिठ्ठी मुलाच्या हातातच जाणार ना? मग बाकीच्या कष्टाला अर्थ नाही. वर्गात ३० मुलांपैकी चार जणांना पाकीट मिळालं की मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला कळतं पाकीट कसलं ते. डायरीत लिहिलं तर शेजारचं मूल वाचतं.

---

अनघा_क

व्हॉट्सॲपने पाठवायचा विचार आहे. वर्गाच्या ग्रुपवर अर्थातच नाही, ब्रॉडकास्ट यादी करून.

---

हिशेबी_माणूस

ब्रॉडकास्टमध्ये एक मेख आहे. ज्याने शाळेचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला तो निरोप पोचतच नाही. तुम्हाला वाटतं पाठवला, त्याला काही मिळालेलंच नसतं, आणि दुसरी आठवण गेली की तो म्हणतो "पहिली कधी दिली?" शिवाय ब्रॉडकास्टमध्ये सगळ्यांना एकच मजकूर जातो, त्यात स्वरालीचं नाव येणार नाही.

४१ निरोप आहेत. एकेक पाठवा. नाव, इयत्ता आणि रक्कम बदलायला प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे दीड तासाचं काम. पाठवायच्या आधी वरचं नाव आणि मजकुरातलं नाव जुळतंय का ते मोठ्याने वाचा. एकाची रक्कम दुसऱ्याच्या घरी गेली की "त्यांच्यापुरतंच राहील" याला अर्थ उरत नाही.

साधा एसएमएस पाठवणार असाल तर देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरंच बसतात आणि काना-मात्रा वेगळी मोजली जाते. हा मजकूर त्यात बसणार नाही. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही त्यांना फोनच करा.

---

गणिताचे_सर

फोन वर्गशिक्षकाने केला तर? ओळख त्याची असते.

---

पाटी_पेन्सिल

सर, इथे माझं तुमच्याशी जमणार नाही. वर्गशिक्षकाने फीबद्दल बोलायला सुरुवात केली की पालक पालकसभेला यायचं बंद करतात. अभ्यासाचं बोलायला बोलावलं तरी त्यांना वाटतं फीचंच असणार. वर्गशिक्षकाला फीची यादीच देऊ नये असं माझं मत.

---

गणिताचे_सर

आणि घरात कुणी आजारी आहे, बापाचं काम सुटलंय, हे वर्गशिक्षकालाच आधी कळतं. त्याला बाहेर ठेवलं तर ४१ जणांना सरसकट एकच चिठ्ठी जाते. ज्या घरात मागच्या आठवड्यात मयत झालीये तिथेसुद्धा.

---

साधी_सुधी

मधला मार्ग: वर्गशिक्षकाला रक्कम सांगायची नाही, पाठवायच्या आधी फक्त नावं दाखवून विचारायचं, "यातल्या कुणाच्या घरी सध्या काही पाठवू नये असं आहे का?" त्याने बोट ठेवलं तर ते नाव बाजूला. कारण विचारायचं नाही.

---

पाटी_पेन्सिल

नावं दाखवली की फी राहिलीये हे कळलंच की. पण मयताचा मुद्दा खरा आहे. मला अजून पटलेलं नाही, विचार करते.

अनघाताई, चिठ्ठीपेक्षा जास्त बिघडतं ते पालक आल्यावर. ४ ते ५ च्या वेळात बाई खोलीत हव्यात. एकदा आलेला माणूस "बाई मीटिंगला गेल्यात" ऐकून गेला की संपलं. आणि किती दिवसांपर्यंत तारीख पुढे द्यायची, किती भाग करायचे, हे संस्थेकडून आधी ठरवून घ्या, म्हणजे बाईंना "विचारून सांगते" म्हणावं लागणार नाही. संस्थेने "३१ मार्चपर्यंत, जास्तीत जास्त तीन भाग" असं ठरवून दिलं की त्याच्या आतलं बाई जागच्या जागी ठरवू शकतात. त्यापलीकडची सवलत किंवा माफी असेल तर ती संस्थेकडे, आणि तेही पालकाला तिथेच स्पष्ट सांगायचं: "हे माझ्या हातात नाही, शुक्रवारपर्यंत मी स्वतः फोन करून कळवते."

बोलताना "का जमलं नाही?" विचारू नका. "आत्ता किती जमेल, आणि पुढचे पैसे साधारण कशातून, कधी यायचेत?" एवढं पुरतं. शरमेपोटी माणूस मोठा आकडा बोलतो. "पुढच्या महिन्यात सगळे भरतो" म्हणाला तर आपणच कमी करायचं. ऊसवाल्या दादांचंच घ्या. तीन समान भाग म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी, मार्चला प्रत्येकी ३,०००. कागदावर सुरेख, पण त्यांच्या घरात जानेवारीला पैसाच नाही, म्हणजे पहिलाच हप्ता चुकणार. त्याऐवजी आत्ता १,००० आणि १५ मार्चला ८,०००. दिसायला बेढब, पण भरलं जाणारं. १,००० ची पावती तिथेच फाडून द्यायची आणि पावतीच्या मागे "उरलेले ८,००० — १५ मार्च" लिहून दोघांनी सही करायची. वेगळं हमीपत्र, स्टँप पेपर काही नको.

---

ऊसवाला_बाप

आत्ता १,००० पण नसले तर?

---

पाटी_पेन्सिल

तर शून्य आणि १५ मार्चला ९,०००. तारीख लिहून घ्यायची, एवढंच. आत्ता काहीतरी दिल्याशिवाय बोलायचंच नाही असा नियम केला, तर रिकाम्या खिशाचा माणूस दारातच येणार नाही.

---

हिशेबी_माणूस

आणि तारीख ठरली की त्याच दिवशी क्लार्कच्या यादीत त्या नावापुढे ती चढली पाहिजे. बहुतेक शाळांत इथेच माती होते. बाईंशी बोलून पालक निर्धास्त घरी जातो आणि ११ जानेवारीला त्याला पुन्हा तीच सरसकट चिठ्ठी. पुढल्या वर्षी तो बोलायला येत नाही. यादीत एक रकाना वाढवा: "ठरलेली तारीख". तो भरलेला असेल तर सरसकट आठवणीतून नाव बाहेर. त्या पालकाला १५ मार्चच्या चारेक दिवस आधी वेगळा निरोप: "आपलं ठरल्याप्रमाणे १५ मार्चला रु. ८,००० भरायचे आहेत. तारखेत बदल हवा असेल तर आधी कळवा." बाकी काही नाही.

---

कायद्याचं_बोला

उशिराचा दंड? तो चिठ्ठीत नको का? नाहीतर सगळेच मार्चला भरतील. आणि ज्यांना परवडतं तेही.

---

हिशेबी_माणूस

हा प्रश्न बरोबर आहे, आणि सोपा नाही. या ४१ मध्ये दारात चारचाकी असलेले पाचसहा असणारच. त्यांना ही चिठ्ठी म्हणजे बिनव्याजी मुदतवाढ. पण पहिल्या चिठ्ठीत दंड घातला की ऊसवाल्या दादांसाठी आपण पुन्हा "अन्यथा"वर आलो. माझं म्हणणं, पहिल्या आठवणीत दंडाचा उल्लेख नको. १० जानेवारी उलटूनही ज्याने भरले नाहीत आणि तारीखही कळवली नाही, त्याला दुसरी चिठ्ठी, आणि दंड प्रवेशाच्या वेळी लेखी कळवलेला असेल तरच तो तिथे. बोलून गेलेल्याला दंड नाही.

---

गणिताचे_सर

पण मग गप्प बसलेला गरीब दंड भरतो आणि बोलका श्रीमंत सुटतो.

---

हिशेबी_माणूस

हो. म्हणून दुसरी चिठ्ठी पाठवण्याआधी एक फोन. फोन न करता दंड लावायचा नाही. यापुढे मला काही सुचलेलं नाही.

---

अनघा_क

सगळ्यांचे आभार. बदल केले: नाव "स्वरालीचे पालक यांस", "मुख्याध्यापिका आणि हिशेब पाहणारे क्लार्क", सहल-स्नेहसंमेलन काढून वर्ग, परीक्षा, निकाल. तारीख १० जानेवारीच ठेवली. ३१ मार्च आणि तीन भाग यासाठी संस्थेच्या सचिवांना उद्या भेटतेय, ते ठरल्याशिवाय निरोप जाणार नाहीत. "कारवाई" काढल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एक राहिलं. आमच्याकडे सात-आठ घरांत मराठी वाचणारं कुणी नाही. वीटभट्टीवर आलेली कुटुंबं, बहुतेक हिंदी बोलणारी. मूलच वाचून दाखवतं.

---

साधी_सुधी

मग तिथे लेखी काहीच नको. मुलाला स्वतःच्याच फीची चिठ्ठी आईला वाचून दाखवायला लावायची? हिंदीत फोन करा, संध्याकाळी ७ नंतर, भट्टीवरचं काम सुटल्यावर. आणि फोन मुलाने उचलला तर "आई आहे का?" एवढंच विचारा. कशाबद्दल ते सांगू नका.

---

ऊसवाला_बाप

अनघाताई, शनिवारची ९ ते ११ ची वेळ तेवढी काढू नका. ४ ते ५ ला आम्ही रानातच असतो.